डंपर, दंडाची पावती आणि संविधानाचं कलम २०

‘एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत!! संविधान कलम २०(२). वाळूचा डंपर पकडला तर घाबरू नका. लगेच तहसीलदारांना अर्ज द्या, चूक कबूल करा, दंड भरा, पावती घ्या. पावती हातात आली की त्याच मालासाठी पोलीस केस करू शकत नाहीत. केली तरी कोर्टात पावती दाखवा, त्याच दिवशी केस बंद. पोलिसांनी बोलावलं तर कलम २०(३) सांगा : बोटांचे ठसे, सही, आवाज काहीही देऊ नका. कोर्टातही एका शब्दाने उत्तर देऊ नका, गप्प बसणाऱ्याला शिक्षा होत नाही. आणि एकदा सुटलात की सरकार पुन्हा कधीच कोर्टात नेऊ शकत नाही. सर्व डंपर मालकांना पाठवा.’

वाशिष्ठीच्या खाडीकाठी हा मेसेज बराच फिरतोय. फिरू दे म्हणून मी सोडून दिला असता. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या बाईने व्हॉट्सअ‍ॅपवरचा कायदा दुरुस्त करायला घेतला तर रोजची कामं कोणी करायची? पण तो माझ्या मामेभावाने पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘ताई, माझा डंपर धरलाय. अर्ज तयार आहे, उद्या सकाळी देतो. बरोबर आहे ना गो?’ सोबत अर्जाचा फोटो. त्यातलं पहिलंच वाक्य असं : ‘माझ्या सांगण्यावरून माझ्या ड्रायव्हरने रात्री खाडीतून चोरून तीन ब्रास वाळू भरली, ही चूक मला मान्य आहे.’

मी त्याला फोन करून आधी तो कागद बाजूला ठेवायला सांगितलं. वाळू भरण्याबद्दल जे ऐकवायचं ते नंतर ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील गाळून.

आता पावतीचं बघू. मेसेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

डंपर अडवला जातो तेव्हा दोन वेगवेगळी चक्रं सुरू होऊ शकतात. पहिलं महसूल खात्याचं. मंडळ अधिकारी आणि तलाठी पंचनामा करतात, ब्रास मोजतात, गाडी तहसील कचेरीच्या आवारात लावतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली नोटीस येते. त्या कलमात गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावता येतो. समजा बाजारभाव ब्रासला सहा हजार धरला, तर तीन ब्रासचे अठरा हजार आणि पाचपट म्हणजे नव्वद हजार. गाडी सोडवण्याचे पैसे आणि बंधपत्र वेगळं. मेसेजमधली पावती ती ही.

दुसरं चक्र फौजदारी. वाळू सरकारची आहे, ती सरकारच्या ताब्यातून लबाडीने काढून नेली, म्हणजे चोरी : भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जुन्या दंड संहितेचं ३७९. त्याशिवाय १९५७ चा खाण व खनिज कायदा आहे, त्याच्या कलम २१ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे चक्र पोलीस ठाण्यातून किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून मॅजिस्ट्रेटसमोर जातं.

कलम २०(२) म्हणतं की एकाच अपराधासाठी कोणावरही एकाहून जास्त वेळा खटला चालवून शिक्षा होणार नाही. यातला ‘खटला’ कुठला, हा सगळा प्रश्न. आणि त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल १९५३ रोजी देऊन ठेवलं आहे, तेही आपल्या मुंबईतल्याच प्रकरणात. मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक निकाल वाचला असता तर निम्मा मेसेज लिहिलाच नसता.

हा माणूस ६ नोव्हेंबर १९४९ ला जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरला. जवळ सोनं आहे हे त्याने सांगितलं नाही. झडतीत १०७.२ तोळे सोनं निघालं. कस्टम्सने सागरी सीमाशुल्क कायद्याखाली ते जप्त केलं आणि बारा हजार रुपये भरून सोडवून नेण्याची मुभा दिली. ते सोडवायला कोणी आलं नाही. मग मार्च १९५० मध्ये त्याच सोन्यावरून त्याच माणसावर परकीय चलन कायद्याखाली चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद दाखल झाली. त्याचं म्हणणं तेच, जे आज खाडीकाठी फिरतंय : सोनं गेलं, ही शिक्षा झाली, आता दुसरी नको.

घटनापीठाने ते फेटाळलं. का, ते समजून घेण्यासारखं आहे. न्यायालयाने पाहिलं की कस्टम्सचा अधिकारी काय काम करतो. तो साक्षीदाराला शपथ देत नाही, शपथेवरच्या कायदेशीर पुराव्यावरच निर्णय द्यायला तो बांधील नाही, कोर्टाची कार्यपद्धती त्याला लागू नाही. महसुलाचं रक्षण करण्यासाठी कायद्याने त्याला माल जप्त करण्याची आणि दंड लावण्याची ताकद दिली आहे, एवढंच. त्याचा आदेश म्हणजे न्यायालयाचा किंवा न्यायिक न्यायाधिकरणाचा निकाल नव्हे. म्हणून त्या माणसावर आधी ‘खटला’ चाललाच नव्हता, आणि कलम २०(२) च्या अर्थाने ‘शिक्षा’ही झाली नव्हती. मॅजिस्ट्रेटसमोरचा खटला हाच पहिला.

कोर्टात एका कनिष्ठ मित्राने मला लगेच टोकलं, की तहसीलदार तर महसुली चौकशीत शपथेवर जबाब घेऊ शकतात, मग मकबूल हुसेन इथे कसा लागेल? प्रश्न चांगला आहे, मेसेजपेक्षा कितीतरी बरा. त्याचं उत्तर १९५४ च्या एस. ए. वेंकटरामन प्रकरणात आहे. तो आयसीएस अधिकारी होता. १८५० च्या कायद्याखाली त्याची रीतसर चौकशी झाली होती, साक्षीदार शपथेवर तपासले होते, उलटतपासणी झाली होती, आणि शेवटी नोकरी गेली. नंतर लाचखोरीचा खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शपथ, साक्षीपुरावा हे सगळं असलं तरी ती चौकशी म्हणजे फौजदारी न्यायालयात गुन्ह्यासाठी चाललेला खटला नव्हता, म्हणून दुसऱ्यांदा खटल्याची हरकत टिकत नाही. तहसीलदार आपल्या ओट्यावर बसून कोणाला चोर ठरवत नाहीत आणि जेलमध्ये पाठवत नाहीत. ते नुकसान आणि दंड ठरवतात.

म्हणून पावती दाखवली की त्याच दिवशी केस बंद, हे मी माझ्या इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. पावती पाहून मॅजिस्ट्रेटसाहेब ती बाजूला ठेवतात आणि दोषारोपाची तारीख देतात.

आणि समजा, वादासाठी, तहसीलदारांचा दंड म्हणजे खटला आणि शिक्षा मानली. तरी ‘एकच अपराध’ हवा. एकच कृत्य पुरत नाही. कृत्य एक असलं तरी दोन कायद्यांतले घटक वेगळे असतील तर अपराध दोन. परवाना नसताना वाळू काढणं हा खाण कायद्याचा अपराध, त्यात लबाडीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय लबाडीने हलवणं ही चोरी, तिथे परवान्याचा नियम मोडला की नाही हा मुख्य मुद्दाच नाही. दिल्ली राज्य विरुद्ध संजय या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाळूच्याच संदर्भात हे स्पष्ट केलं : खाण कायदा आहे म्हणून चोरीच्या गुन्ह्याचा तपास थांबत नाही.

आता अर्धं सत्य. नाइलाजाने मान्य करते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने कुठूनतरी हेच अर्धवट ऐकलं असणार. खाण कायद्याच्या कलम २३ए मध्ये अपराध मिटवण्याची सोय आहे. अधिकृत अधिकाऱ्याने ठरावीक रक्कम घेऊन रीतसर अपराध मिटवला, तर त्या अपराधापुरती पुढची कारवाई होत नाही, चालू असेल तर थांबते. तिथे पैसे भरल्याचा कागद खरोखर ढाल होतो. पण दोन गोष्टी बघा. तहसीलदारांचा कलम ४८(७) खालचा दंड म्हणजे २३ए खालची मिटवणी नव्हे. कागदावर कुठलं कलम आहे ते वाचा, पावतीवरच्या रकमेकडे बघून काही कळत नाही. आणि २३ए खाली मिटवलं तरी चोरीचा गुन्हा जिवंत राहतो. उज्जैनच्या खनिज वाहतूकदारांनी हाच वाद घातला होता. त्यांनी मध्य प्रदेशच्या नियमांखाली पैसे भरून मिटवलं होतं, तरी मॅजिस्ट्रेटने गुन्हा नोंदवायला सांगितलं. जयंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खाण कायद्यापुरतं संपलं, दंड संहितेच्या चोरीपुरतं नाही.

एवढं चुकीचं असतं तरी मी एवढी चिडले नसते. नव्वद हजार भरून वर केस चालली, तर माणूस पैशाने हरतो. खरं विष ‘चूक कबूल करा’ या तीन शब्दांत आहे. दोन वेळा खटला होऊ नये हा हक्क मिळवायला निघालेला माणूस इथे स्वतःविरुद्ध साक्षीदार न होण्याचा हक्क आपल्या हाताने लिहून देतो, आणि पहिला तर त्याला मिळतच नाही.

मामेभावाचं वाक्य पुन्हा वाचा. ‘माझ्या सांगण्यावरून’ : डंपर मालकावर केस करताना सरकारी पक्षाला सगळ्यात अवघड जातं ते हेच सिद्ध करणं, की गाडीवर नसलेल्या मालकाला खेप कशाची आहे हे माहीत होतं. ड्रायव्हर पकडला जातो, मालक घरी असतो. ड्रायव्हरने पोलिसांना मालकाचं नाव सांगितलं तरी त्या जबाबावर मालकाला शिक्षा होत नाही. इथे मालकानेच ते लिहून दिलं. ‘चोरून’ : चोरीच्या कलमात लबाडीचा हेतू लागतो. मालक म्हणू शकला असता की समोरच्याने परवान्याचा माल असल्याचं सांगितलं होतं. आता नाही म्हणू शकत. ‘खाडीतून’ : वाळू कुठून आली हे पंचनाम्यात बहुतेक वेळा नसतंच, कारण गाडी रस्त्यावर धरलेली असते. खासगी जागेतला साठा की सरकारी खाडीपात्र, यावर अख्खा बचाव उभा राहतो. तो बचावही गेला. एका वाक्यात तीन पुरावे, खाली सही आणि मोबाइल नंबर.

भाऊ म्हणाला, ‘पण ताई, कबुलीजबाब कोर्टात चालत नाही ना?’ चालत नाही तो पोलिसांसमोरचा. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याची २५ आणि २६ ही कलमं : पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि पोलीस कोठडीत असताना कोणालाही दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटच्या प्रत्यक्ष हजेरीत नसेल तर तीही नाही. तहसीलदार पोलीस अधिकारी नाहीत. तलाठीही नाहीत. मोकळा असलेला माणूस आपल्या पायाने कचेरीत जाऊन आवक-जावकचा शिक्का मारून कबुली देतो, तेव्हा हे कलम त्याच्या मदतीला येत नाही. पोलीस तहसीलला पत्र देतात, प्रकरणाच्या प्रमाणित नकला घेतात, दोषारोपपत्राला जोडतात, आणि साक्षीला कचेरीतला कारकून येतो. दहा मिनिटांची साक्ष.

मग कलम २०(३) कुठे गेलं? ते सांगतं की अपराधाचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. यात तीन गोष्टी एकत्र लागतात. माणूस आरोपी हवा, सक्ती हवी, आणि ती स्वतःविरुद्ध माहिती देण्याची हवी. मेसेज वाचून स्वखुशीने लिहिलेल्या अर्जात मधली गोष्टच नाही. सक्ती झाली नाही, तर हक्काचा भंगही झाला नाही. संविधान तुम्हाला बोलायला भाग पाडू देत नाही. तुम्ही आपणहून बोललात तर ते तुमचं तोंड धरायला येत नाही.

थोडी वाट उरते. अधिकाऱ्याने ‘कबूल करून दे, तरच गाडी सोडतो’ असं म्हटलं असेल, तर साक्ष अधिनियमाच्या कलम २२ खाली ती कबुली आमिषाने किंवा धाकाने घेतली म्हणून बाद करा, असा युक्तिवाद आम्ही करतो. पण तो पुराव्याच्या वेळी करायचा, अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतून काहीतरी बाहेर काढून. अधिकारी सरळ ‘असं काही झालं नाही’ म्हणतो. अर्जावर मात्र तुमचीच अक्षरं असतात.

त्याऐवजी काय लिहायचं ते सांगते, कारण गाडी आवारात उभी ठेवून बँकेचा हप्ता भरत राहणं कोणालाच परवडत नाही, आणि दंड भरून गाडी सोडवणं यात गैर काही नाही. पहिली गोष्ट, नोटिशीला उत्तर द्या, पण वस्तुस्थितीबद्दल शक्य तितकं कमी. ‘नोटिशीतील आरोप मला मान्य नाहीत. माझे सर्व कायदेशीर हक्क व बचाव अबाधित ठेवून, केवळ वाहन मुक्त होण्यासाठी, दंडाची रक्कम हरकतीसह भरत आहे. भरणा म्हणजे कोणत्याही आरोपाची कबुली समजू नये.’ बस. ड्रायव्हरचं नाव, खेपा किती, माल कोणाला जाणार होता, यातलं काहीही नाही. मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलाचा रस्ता खुला राहतो आणि फौजदारी बचावालाही धक्का लागत नाही. वाहतूक पास खरोखर असेल तर मात्र तो पहिल्याच उत्तराला जोडा, पोच घ्या. दोन महिन्यांनी सापडलेल्या पासवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि पोलिसांनी तीच गाडी मुद्देमाल म्हणून जप्त केली असेल, तर तहसीलचा मुक्ततेचा आदेश पुरत नाही, मॅजिस्ट्रेटकडे वेगळा अर्ज लागतो. इथेही ही दोन चक्रं वेगळीच.

ठसे-सही-आवाजाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी, मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणात, ही रेघ आखून दिली आहे. साक्षीदार होणं म्हणजे आपल्या मनातली, आपल्याला ठाऊक असलेली माहिती देणं. बोटाचा ठसा माहिती देत नाही, तो तुमच्या बोटाला आहेच, फक्त जुळवून बघायचा असतो. हस्ताक्षराचा नमुनाही तसाच. २०१९ च्या रितेश सिन्हा निकालाने आवाजाचा नमुनाही त्याच रांगेत बसवला, आणि आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये मॅजिस्ट्रेटला हे सगळे नमुने मागवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे २०(३) चा फलक धरून उभे राहिलात तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाचा भंग होईल, एवढंच. नार्को आणि लाय डिटेक्टर मात्र संमतीशिवाय नाही, कारण तिथे डोक्यातली माहिती काढतात. हे २०१० च्या सेल्वी निकालात आहे.

सहीबद्दल मेसेजला एक गुण देते. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही करायची नसते, हे खरं आहे, आणि ते कायद्यातच लिहिलेलं आहे. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. पण अटकेच्या मेमोवर सही घेतात ती तुमच्याच सोयीची असते, कधी धरलं त्याची वेळ तिथे पक्की होते. ती नाकारून कोणाचं भलं झालं?

पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्कही खरा आहे, आणि तो कोर्टाच्या पायरीपासून नव्हे तर पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने ते सांगितलं. पण तो आहे आपल्याला गुन्ह्यात अडकवू शकेल अशा उत्तरांपुरता. नाव-गाव विचारल्यावरही ‘कलम २०(३)’ म्हणणारा एक तरुण मी पाहिलाय. तो संध्याकाळपर्यंत ठाण्यातच बसून होता. आणखी एक लक्षात ठेवा. ड्रायव्हरने कोठडीत आपणहून सांगितलं की माल अमुक बागेच्या मागे साठवला आहे, आणि पोलिसांना तो तिथे खरोखर सापडला, तर त्या वाक्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. मारून बोलतं केलं असेल तर येऊ नये. पण मारलं हे दाखवायला वैद्यकीय तपासणीचा कागद लागतो, आणि पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर ‘तक्रार नाही’ म्हणून बसलेल्याचं नंतर कोणी ऐकत नाही.

कोर्टात गप्प बसण्याचं थोडं सविस्तर, कारण इथे नुकसान हळूहळू होतं आणि कळत नाही. आरोपीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायला कोणी भाग पाडू शकत नाही. तो स्वतः लेखी मागेल तरच त्याची साक्ष होते, आणि त्याने साक्ष दिली नाही म्हणून त्याच्याविरुद्ध काही अनुमान काढायला कायद्याने बंदी आहे. इथवर हक्क भक्कम. पण सरकारी पुरावा संपल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली, जुन्या ३१३ खाली, न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेला एकेक मुद्दा सांगून विचारतात, यावर तुमचं म्हणणं काय. इथे शपथ नसते. उत्तर दिलं नाही किंवा खोटं दिलं तरी त्याची वेगळी शिक्षा नाही. पण दिलेलं उत्तर निकालात विचारात घेता येतं.

आमच्याकडे या टप्प्याचं काय होतं, ते सांगायला लाज वाटते. प्रश्नांची छापील यादी येते आणि बहुतेक वकील प्रत्येकासमोर ‘खोटे आहे’ किंवा ‘माहीत नाही’ लिहून मोकळे होतात. मेसेजने त्याच्यावर मोहर लावली. आता बघा. मंडळ अधिकाऱ्याची साक्ष झाली, पंच फुटला नाही, डंपर तुमच्या नावावर, रात्री दीडची वेळ, आत ओली वाळू. प्रश्न येतो : या वाळूचा वाहतूक पास होता का? पास असणं-नसणं ही खास तुमच्या माहितीतली गोष्ट. साक्ष अधिनियमाचं कलम १०९ म्हणतं की खास एखाद्याच्या माहितीतली गोष्ट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. सरकारी पक्षाने आपलं मूळ काम केलंच नसेल, तर हे कलम त्यांना वाचवत नाही, तुमचं मौन तुम्हाला पुरेल. पण त्यांनी केलं असेल, तर ‘माहीत नाही’ हे उत्तर परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीत आणखी एक कडी म्हणून धरलं जाऊ शकतं. पास होता आणि तो दाखवायची ही शेवटची जागा होती, तर तीही गेली. हक्क गप्प बसण्याचा आहे. गप्प बसल्याने सुटण्याचा हक्क कुठल्याही पुस्तकात नाही.

राहिलं ‘एकदा सुटलात की’. इथे संविधानापेक्षा संहिता उदार आहे, आणि हे मेसेजवाल्याला माहीतच नाही. कलम २०(२) ला खटला आणि शिक्षा दोन्ही लागतात, निर्दोष सुटलेल्याला ते काहीच देत नाही. त्याला वाचवतं ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७, जुनं ३००. सक्षम न्यायालयात खटला चालून दोषी ठरला किंवा निर्दोष सुटला, आणि तो निकाल कायम आहे, तर त्याच अपराधासाठी पुन्हा खटला नाही. शिवाय त्याच वस्तुस्थितीवर तेव्हाच पर्यायी म्हणून लावता आला असता असा दुसरा आरोपही नंतर लावता येत नाही. कायद्यातलं उदाहरणच आहे : मालकाची वस्तू चोरल्याच्या आरोपातून नोकर सुटला, तर त्याच गोष्टीसाठी नंतर विश्वासघाताचा आरोप लावता येणार नाही. पण जबर दुखापतीची शिक्षा झाल्यावर जखमी माणूस दगावला, तर मृत्यूबद्दल नवा खटला चालतो, कारण पहिल्या वेळी मृत्यू झालेलाच नव्हता.

‘निकाल कायम आहे’ हे शब्द महत्त्वाचे. सरकारने अपील केलं तर तो दुसरा खटला नव्हे, पहिलाच पुढे चालू आहे. वरच्या कोर्टाने सुटका रद्द करून शिक्षा दिली तर २०(२) ची तक्रार चालत नाही. आणि सुटका म्हणजे नेमकी कसली, तेही बघावं लागतं. दोषारोप ठेवण्याआधीच कोर्टाने आरोपमुक्त केलं, किंवा फिर्याद काढून टाकली, तर कलम ३३७ च्या स्पष्टीकरणानुसार ती निर्दोष सुटका नव्हे. नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. खाडीपट्ट्यातल्या वाळूच्या केसेसमध्ये हे नेहमी होतं. खाण कायद्याखाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी फिर्याद लागते, ती नसताना दखल घेतली म्हणून प्रकरण सुरुवातीलाच पडतं, गावात पेढे वाटले जातात, आणि काही महिन्यांनी योग्य अधिकाऱ्याच्या सहीने तीच फिर्याद पुन्हा दाखल होते. तेव्हा माझ्याकडे येताना पावती किंवा पेपरातलं कात्रण आणू नका. आधीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल आणा. तिच्या शेवटच्या परिच्छेदात ‘निर्दोष मुक्त’ आहे की ‘आरोपमुक्त’, त्यावर पुढचं सगळं ठरतं.